नव्या वकिलाचा रेझ्युमे: ड्राफ्टिंग, इंटर्नशिप आणि मूटच्या ओळींत या चुका टाळा

सनद नुकतीच हातात आलेल्या मुलामुलींचे रेझ्युमे मी आमच्या फर्मच्या लिटिगेशन टीमसाठी वाचते. जवळपास प्रत्येकात एक ओळ असतेच: ‘प्लेंट, नोटिसा आणि अ‍ॅफिडेव्हिटच्या ड्राफ्टिंगला मदत केली.’ ओळ खोटी नसते, पण तिच्यावरून काही कळत नाही. एकीने चार आठवड्यांत खरोखर प्लेंटचा पहिला मसुदा लिहिलेला असतो. दुसऱ्याने फक्त एक्झिबिटना क्रमांक घातलेले असतात. दोघांच्याही रेझ्युमेत शब्द तेच, त्यामुळे जिने जास्त काम केले तिचे नुकसान होते.

एक उदाहरण घेऊन बघू. रेझ्युमे इंग्रजीतच जाणार आहे, पण ओळींचा मजकूर इथे मराठीत देते. समजा, एका मुलीने फोर्टमधल्या एका वकिलांच्या चेंबरमध्ये इंटर्नशिप केली. माल पुरवणाऱ्या एका कंपनीचे पैसे थकले होते आणि वसुलीसाठी व्यावसायिक समरी सूट दाखल करायचा होता. तिने रेझ्युमेत लिहिले: ‘समरी सूटमध्ये ड्राफ्टिंग, संशोधन व कोर्टाच्या कामात मदत.’ मी तिला विचारले असते, तर तिने नेमके काय केले ते असे निघाले असते. बिले, डिलिव्हरी चलन आणि खातेउतारे लावून तिने तारखांची यादी बनवली. त्यातले जुने बिल मुदतीबाहेर जाते का, हे तपासले. प्लेंटमधला घटनाक्रमाचा भाग तिने लिहिला आणि सीनियरने तो बदल करून वापरला. मग ओळ अशी होते: ‘थकीत बिलांच्या वसुलीचा समरी सूट: तारखांची यादी तयार केली, मुदतीच्या मुद्द्यावर टिपण लिहिले, प्लेंटमधील घटनाक्रमाचा पहिला मसुदा केला, वादीच्या बाजूने.’

या ओळीतला प्रत्येक तुकडा म्हणजे मुलाखतीतला एक प्रश्न आहे, आणि तुमची खरी परीक्षा तिथेच होते. ‘मुदतीच्या मुद्द्यावर टिपण’ वाचले की समोरचा विचारणारच: उधारीची मुदत मे 2022 मध्ये संपली, म्हणजे तीन वर्षे मे 2025 मध्ये भरतात, तरी दावा नंतर कसा चालेल? उत्तर द्यायचे, तर कर्जदाराने बाकी मान्य केल्याचे सही असलेले पत्र कुठल्या तारखेचे आहे, हे माहीत पाहिजे. ते पत्र जानेवारी 2024 चे असेल, तर मुदत कायदा कलम 18 प्रमाणे त्या तारखेपासून नवी तीन वर्षे मोजायची. तेच पत्र मूळ मुदत संपल्यावर आलेले असेल, तर कलम 18 चा उपयोग नाही. दुसरा प्रश्न कमर्शियल कोर्ट्स कायद्याच्या कलम 12A चा. तातडीचा अंतरिम दिलासा मागितलेला नसेल, तर दाखल करण्याआधी मध्यस्थीची पायरी सक्तीची आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये पाटील ऑटोमेशनच्या निकालात स्पष्ट केले. तुमच्या मॅटरमध्ये ती पायरी झाली होती का? तुम्ही फाइल खरोखर वाचली असेल, तर हे सहज सांगता येते. नसेल, तर ‘मुदतीच्या मुद्द्यावर टिपण’ हे शब्द काढा आणि तारखांची यादी तेवढी ठेवा. चांगली केलेली तारखांची यादी ही लहान गोष्ट नाही. कितीतरी मॅटरमध्ये सगळा युक्तिवाद तिच्यावरच उभा राहतो.

मूटच्या बाबतीत चूक उलट दिशेने होते. तिथे बक्षीस ठळक अक्षरांत असते, काम मात्र गायब. ‘उपांत्य फेरी, सर्वोत्कृष्ट मेमोरियल’ एवढेच लिहिले, तर तिघांच्या संघात तुम्ही वक्ता होता की रिसर्चर, हेही कळत नाही. तुम्ही कुठला मुद्दा लिहिला तो सांगा: ‘रिसर्चर, मुद्रांक शुल्क न भरलेल्या करारातील लवाद कलम अंमलात आणता येते का, हा मुद्दा लिहिला.’ इथे एक सापळा आहे. हे मेमोरियल 2023 च्या मध्यात लिहिलेले असेल, तर ते बहुधा त्याच वर्षीच्या एप्रिलमधल्या एन. एन. ग्लोबल निकालावर उभे असेल. डिसेंबर 2023 मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने तो निकाल बाजूला सारला आणि मुद्रांकाची उणीव नंतर भरून काढता येते, असे सांगितले. तुम्ही मेमोरियल जसेच्या तसे नमुना म्हणून जोडले, आणि लवादाचे काम रोज करणारा पार्टनर ते वाचायला बसला, की पहिल्या पानावरच अडखळेल. त्यामुळे पाठवण्याआधी प्रत्येक मुख्य निकाल आजही लागू आहे का, ते पाहा. लागू नसेल, तर जुना भाग न बदलता वर दोन ओळींची टीप द्या: मेमोरियल कधीचे, आणि त्यानंतर कायदा कुठे बदलला. तशी टीप मला मेमोरियलइतकीच बोलकी वाटते.

आता सगळ्यात गंभीर चूक, जिच्यामुळे चांगला रेझ्युमेही बाजूला ठेवावा लागतो: अशिलाची ओळख उघड करणे. नाव न लिहिताही ती उघड होते. ‘दादरमधल्या एका पुनर्विकास प्रकल्पात सोसायटीच्या वतीने’ असे लिहून पुढे सदनिकांची संख्या आणि विकसकाबरोबरचा वाद दिला, की मुंबईत ते प्रकरण ओळखणारे दहा जण निघतात. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 132 मधले गोपनीयतेचे बंधन वकिलाच्या कारकुनांना आणि कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. इंटर्नने स्वतःला त्याच मापाने मोजावे. तुम्ही आधीच्या चेंबरचे सांगता, उद्या आमचेही सांगाल, एवढाच विचार वाचणाऱ्याच्या मनात येतो. म्हणून प्रकरणाचा प्रकार, तुमची बाजू आणि टप्पा लिहा. नाव, रक्कम आणि पत्ता सोडा. ड्यू डिलिजन्ससारखे कोर्टात न गेलेले काम असेल, तर क्षेत्राचे नावही जरा मोठ्या गटात टाका.

हीच काळजी लेखननमुन्याला हवी. खऱ्या मॅटरचा मसुदा पाठवायचा, तर आधी सीनियरची परवानगी घ्या. पीडीएफवर काळी पट्टी ओढली म्हणजे नाव गेले, असे समजू नका. पट्टीखालचा मजकूर निवडून कॉपी करा आणि कोऱ्या फाइलमध्ये पेस्ट करून बघा. अनेकदा नाव तसेच उमटते. वर्डच्या फाइलमध्ये जुने ट्रॅक चेंजेस आणि सीनियरच्या कॉमेंटही राहून जातात. मी तर म्हणेन, खरा मसुदा नकोच. त्याच प्रकारची काल्पनिक नोटीस नव्याने लिहा. उदाहरणार्थ, चेक न वटल्याची कलम 138 ची नोटीस. तीत बँकेकडून माहिती मिळाल्यापासून 30 दिवसांची मुदत पाळलेली दिसू द्या आणि पैसे देण्यासाठी 15 दिवसांची मागणी नीट मांडा. पान-दीड पानात तुमचा हात दिसतो.

क्रम अर्जाप्रमाणे बदला. कॉर्पोरेट टीमकडे जाताना मूट खाली आणि करार वाचल्याचे काम वर. लिटिगेशनकडे जाताना उलट. वरच्या कोपऱ्यात महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची नोंदणी कधी झाली आणि अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण आहे, निकाल यायचा आहे की द्यायची आहे, ते एका ओळीत लिहा. सनद मिळाल्यानंतरची पहिली विचारणा हीच असते, आणि ती मेलवर करायला लागली की अर्ज आणखी दोन दिवस मागे पडतो.