क्विल्टचं अस्तर कमी पडतं ते या चुकांमुळे

क्विल्ट टॉप शिवून झाला की माणसाला घाई सुटते. तीन-चार महिने तुकडे जोडलेले असतात, आता फक्त खाली अस्तर, मध्ये बॅटिंग म्हणजे भरावाचा थर आणि वरून टिपा, की झालं, असं वाटतं. मग अस्तराचं कापड पाच मिनिटांत आकडेमोड करून आणलं जातं, आणि शेवटच्या कोपऱ्यात टॉप अस्तराच्या बाहेर लोंबताना दिसतो. हे इतक्यांदा पाहिलंय की आता कुणी 'अस्तर कमी पडलं' म्हटलं, तर मी आधी एकच विचारते : पन्हा किती धरला होता?

पन्हा दुकानातला धरू नका

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती मी स्वतः केली आहे आणि नवशिकी असताना नाही, चांगली सहा-सात क्विल्ट झाल्यावर.

टॉप पॅटर्नप्रमाणे 60 बाय 76 इंचांचा होता. चारही बाजूंना 4 इंच माया धरली, म्हणजे अस्तर हवं 68 बाय 84. कापडाचा पन्हा 44 इंच. दोन पन्हे आडवे जोडले तर 88, मला लागणार 84. वा! म्हणजे 68 इंचांचे दोन तुकडे, 136 इंच, साडेतीन मीटरमध्ये काम झालं. जोड उभा घेतला असता तर 84 चे दोन तुकडे, म्हणजे सव्वाचार मीटरच्या वर लागलं असतं. पाऊण मीटर वाचवल्याच्या आनंदात मी कापड घेऊन आले.

कापड धुतलं. 44 चा पन्हा साडेबेचाळीस झाला. दोन्हीकडचे काठ अर्धा-अर्धा इंच कापले, कारण काठाची वीण घट्ट असते, ती जोडात राहिली तर पुढच्या धुण्यात जोड चुरगळतो. राहिले साडेएक्केचाळीस. असे दोन तुकडे म्हणजे 83. जोडासाठी दोन्ही तुकड्यांची अर्धा-अर्धा इंच माया गेली. हाती आले 82. लांबीतही तेच : धुतल्यावर 68 चे तुकडे 66 झाले.

तरी मी स्वतःची समजूत घातली की टॉप 60 बाय 76 आहे, प्रत्येक बाजूला 3 इंच उरतायत, भागेल. टॉप मात्र टेप लावून मोजलाच नव्हता. पाव इंचाच्या शिवणी किंचित अरुंद पडल्या होत्या आणि प्रत्यक्ष माप भरलं साडेएकसष्ट बाय साडेसत्याहत्तर. माया उरली प्रत्येक बाजूला सव्वादोन इंच. कच्चे टाके घालताना टॉप इंचभर एका बाजूला सरकला, ते मला कळलं नाही. त्या बाजूला उरला सव्वा इंच.

मधून सुरुवात करून कडेकडे टिपा मारत गेले. शेवटच्या कोपऱ्याशी पोचले तेव्हा टॉप अस्तराच्या अर्धा इंच बाहेर होता. यातली एकही चूक एकटी असती तर चाललं असतं. सगळ्या एकाच मायेतून खात होत्या आणि माया मोजायला मी कधी थांबलेच नाही.

तो कोपरा वाचवायला दोन संध्याकाळी गेल्या. कडेपासून चार-पाच इंच आतपर्यंतच्या टिपा उसवल्या, टॉप आणि बॅटिंग मागे दुमडून अस्तराला पट्टी जोडली, बॅटिंगला तुकडा कडेला कड भिडवून सैल टाक्यांनी बसवला आणि पुन्हा शिवलं. मागून पाहिलं की ती पट्टी आजही ओळखू येते. कुणी 'वरची किनारपट्टीच थोडी कापून टाक ना' म्हणतं. कापून टाकता येते, पण मग चारही बाजूंची कापावी लागते, नाहीतर एकीकडची पट्टी अरुंद दिसते. मला ते पटत नाही.

टॉप पॅटर्नवरून मोजू नका

शिवून, इस्त्री करून, सपाट पसरून मोजा. लांबी तीन जागी घ्या, मधोमध आणि दोन्ही कडांपासून थोडं आत. रुंदीही तशीच. तीन मापांपैकी सगळ्यात मोठं धरा. कडेवर मोजू नका, कडा ताणल्या गेलेल्या असतात.

तीच माया दोन कामांना धरू नका

ही चूक जास्त फसवी आहे. 'क्विल्टिंगमध्ये कापड आत ओढलं जातं म्हणून माया ठेवा' असं सगळेच सांगतात. ते बरोबर आहे, पण अर्धवट आहे.

टीप मारली की त्या रेषेवर तिन्ही थर दाबले जातात आणि दोन टिपांच्या मधला भाग उशीसारखा फुगतो. कापड सरळ न जाता वर-खाली होत जातं, म्हणून सपाट मोजलं की आधीपेक्षा कमी भरतं. बॅटिंग जाड असेल आणि टिपा जवळजवळ असतील, तर जास्त खाल्लं जातं. त्यातून घरच्या मशीनवर खालचे दाते अस्तर पुढे ओढतात आणि वरचा कापड दाबणारा फूट टॉपला अडवत राहतो, म्हणून दोन्ही थर एका वेगाने जात नाहीत. वरचं कापडही सोबत पुढे सरकवणाऱ्या वॉकिंग फूटने हे बरंच कमी होतं, पूर्णपणे जात नाही. म्हणून मधून कडेकडे जाताना टॉप बाहेर सरकतो आणि अस्तर आत येतं. अस्तराची माया आहे ती या सरकण्यासाठी.

क्विल्ट तयार झाल्यावर जे माप हवं असतं, त्याचा या मायेशी काही संबंध नाही. ती तर शेवटी कापूनच टाकायची असते. अंथरुणावर ठरावीक माप हवं असेल, तर आकसण्याचा हिशोब टॉपमध्येच आधी धरावा लागतो. हे ऐकलं की नवशिक्यांचा चेहरा पडतो, कारण टॉप तर शिवून झालेला असतो.

किती आकसेल याचा ठोकताळा मी कुणालाच देत नाही. नमुना करून पाहा. मी 20 इंची चौकोनाचे तिन्ही थर लावते, तेच कापड, तीच बॅटिंग, आणि टॉपवर मधोमध 16 इंचांचा चौकोन धुण्यात न जाणाऱ्या पेनने आखते. मग जेवढ्या दाट टिपा मारायच्या आहेत तेवढ्याच मारते आणि आखलेला चौकोन पुन्हा मोजते. मागच्या वेळी 16 चे पावणेसोळा झाले. पाव इंच म्हणजे दीड टक्क्यापेक्षा जरा जास्त. साडेसत्याहत्तर इंचांवर तो सव्वा इंच होतो. मग नमुना धुऊन वाळवते आणि परत मोजते, कारण सुती बॅटिंग धुण्यात आणखी आटते आणि पॉलिस्टरची जवळजवळ आटत नाही. एक तास जातो. हा तास वाचवायला लोक काय काय करतात ते मला माहीत आहे.

बॅटिंग टॉपच्या मापाची कापू नका

ती अस्तरापेक्षा लहान आणि टॉपपेक्षा मोठी हवी. अस्तराला प्रत्येक बाजूला 4 इंच माया असेल, तर बॅटिंगला मी 3 ठेवते. बॅटिंग अस्तराच्या बाहेर आली की मशीनखाली घुसते आणि धागे धरते. टॉपच्या मापाची कापली तर कडेला पोकळ राहते आणि कडेची पट्टी, म्हणजे बाइंडिंग, भरलेलं दिसत नाही. तयार पाकिटातली बॅटिंग घडीतून काढल्याबरोबर कापायची नाही, रात्रभर पसरून ठेवायची, नाहीतर वळ्यांसकट मोजली जाते.

तुकडे जोडायचे असतील तर कड कडेला भिडवून झिगझॅग. एकावर एक चढवलेला जोड बोटाला कायम लागत राहतो.

मग त्याच टॉपला कापड किती लागलं असतं?

साडेएकसष्ट बाय साडेसत्याहत्तर. दोन्ही मापांत 8 मिळवले : साडेएकोणसत्तर बाय साडेपंच्याऐंशी. धुऊन, काठ कापून एक पन्हा साडेएक्केचाळीस, दोन जोडून 82. आता पाहा, साडेपंच्याऐंशीला 82 पुरत नाहीत, पण साडेएकोणसत्तरला छान पुरतात. म्हणजे जोड उभाच घ्यायचा, तुकडे दोन, प्रत्येकी साडेपंच्याऐंशी, मिळून 171 इंच. धुण्यात 4 टक्के आटेल असं धरून हे 178 होतात. दुकानात कापड तिरकं कापलं जातं, टोकं सरळ करायला आणखी 4. एकूण 182 इंच, मी पावणेपाच मीटर घेईन. जोडल्यावर रुंदीत साडेबारा इंच उरतात. ते लोकांना वाया गेल्यासारखे वाटतात. त्याचेच तुकडे जोडून मी नमुन्याच्या चौकोनाचं अस्तर काढते.

108 इंच पन्ह्याचं अस्तर मिळालं तर जोडाची भानगडच नाही, दोन मीटर पुरतात. फक्त धुतल्यावर धागा सरळ आहे का ते बघा. दोन्ही काठ जुळवून घडी घाला. घडीची कड पिळवटली, तर एक काठ हळूहळू दुसऱ्यावरून सरकवा, घडी सरळ लोंबेपर्यंत, आणि मग टोक गुण्यात कापा. हे न केल्यास एका कोपऱ्यात 4 इंच माया आणि समोरच्या कोपऱ्यात दीड, असं होतं, आणि मोजताना मात्र दोन्ही मापं बरोबर भरतात.

4 इंच सगळ्यांनाच लागतात असं नाही. घरच्या मशीनवर लहान क्विल्ट करत असाल तर अडीच-तीन पुरतात. लाँगआर्म या मोठ्या क्विल्टिंग मशीनवर करून घेणार असाल तर 4 सोडूच नका, कारण तिथे अस्तर रुळांच्या कापडाला जोडतात आणि बाजूंना चिमटे लावून ताणतात, आणि मशीनचं डोकं त्या चिमट्यांवर आपटता कामा नये. करून देणाऱ्याला आधी विचारा.

नक्षी एकाच दिशेची असेल तर जोडावर जुळवायला प्रत्येक जादा तुकड्यामागे एका पूर्ण नक्षीची लांबी वाढवा. ऑनलाइन कॅल्क्युलेटर वापरायला हरकत नाही, पण तो पन्हा विचारतो आणि तुम्ही लिहाल तेच खरं मानतो. तिथे 44 लिहू नका.

आणि शिवताना दर दोन-तीन ओळींनी क्विल्ट उलटून चारही कडा बघा. कुठल्याही कडेला अस्तर टॉपच्या बाहेर इंचभरापेक्षा कमी उरलं की तिथेच थांबा. अजून शिवायचा कोपरा मोकळा असताना पट्टी जोडायला अर्धा तास लागतो. मला दोन संध्याकाळी लागल्या, कारण मी पुढे शिवत राहिले.