कॉस्टिक सोड्याच्या वजनावर विसंबू नका

पावसाळ्यात आमच्या खानापुरात कॉस्टिक सोड्याचे, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडचे, दाणे काट्यावरच ओले होतात. ४ ग्रॅम तोलून लिटरभर केलेलं द्रावण ०.१ मोलर असेलच असं नाही. त्याची खरी तीव्रता अशी काढा.

१. वाळवून गार केलेलं ५१० मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट पाण्यात विरघळवा, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब घाला आणि ब्युरेटमधून हे कॉस्टिक सोड्याचं द्रावण सोडा. मला २६.३ मिली लागलं. थॅलेटचा रेणुभार २०४.२, म्हणून ५१० ÷ २०४.२ ÷ २६.३ = ०.०९५ मोलर. म्हणजे पाच टक्के कमीच!

२. आता १० मिली अज्ञात तीव्रतेचं हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या आणि त्यात त्याच ब्युरेटमधून तसंच द्रावण सोडा. १०.६ मिली लागलं, तर ०.०९५ × १०.६ ÷ १० = ०.१०१ मोलर.

फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा. नंतर तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे उडतो. तेव्हा आणखी थेंब सोडू नका.