सिकलसेल: विळा दिसला का, एवढंच विचारू नका! या चुका टाळा

रक्ततपासणीच्या टेबलावर बसणाऱ्याला सिकलसेलबद्दल सगळ्यात जास्त ऐकावा लागणारा प्रश्न म्हणजे, "साहेब, विळे दिसले का?" नाही दिसले म्हटलं की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो, दिसले म्हटलं की रडारड. दोन्ही चुकीचं. या आजाराबद्दलच्या बऱ्याच चुका याच प्रश्नातून निघतात, म्हणून सुरुवात इथूनच करतो.

पहिली चूक: सिकलसेलच्या रुग्णाच्या लाल पेशी कायम विळ्यासारख्या असतात असं समजणं. तसं नसतं. फुप्फुसातून ऑक्सिजन घेऊन निघालेली त्याची पेशी बहुतेक वेळा आपल्यासारखीच गोल असते. ती बिघडते ऑक्सिजन सोडल्यावर, तेही लगेच नाही. हा थोडा उशीर लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावरच उभं आहे.

हिमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळी 146 अमिनो आम्लांची. सिकलसेलमध्ये त्यातलं फक्त सहावं बदललेलं असतं: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. जनुकात GAG च्या जागी GTG आलेलं असतं, म्हणजे एका अक्षराचा फेर. (नव्या पद्धतीच्या जनुक अहवालात हाच बदल सातव्या जागी लिहिलेला दिसतो, कारण तिथे साखळीच्या सुरुवातीचं, नंतर छाटलं जाणारं मेथिओनिनही मोजतात. सहा आणि सात असे दोन कागद हातात आले म्हणून दोन आजार होत नाहीत.)

ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो आणि त्याला पाणी चालतं. व्हॅलिन तेलकट स्वभावाचं, पाण्यापासून अंग चोरणारं. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की त्याचा आकार किंचित बदलतो आणि बीटा साखळीवर एक तेलकट खोबण उघडी पडते. शेजारच्या रेणूचं व्हॅलिन तिथे नेमकं जाऊन बसतं. त्याला तिसरा चिकटतो, चौथा चिकटतो, आणि चौदा सरींचा एक पिळदार दोर तयार होतो. असे दोर पेशीत वाढले की ती आतून ताणली जाते, तिचा विळा होतो. ऑक्सिजन परत मिळाला की खोबण मिटते आणि दोर विरघळतात.

म्हणजे हे हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरायला नालायक नाही. पाठ्यपुस्तक वाचून मुलं असं लिहितात, पण विरळ द्रावणात त्याची ऑक्सिजन धरण्याची ताकद जवळपास नेहमीसारखीच असते. खोट आहे ती ऑक्सिजन सोडल्यानंतर एकमेकांना चिकटण्यात.

आता तो उशीर. पहिले काही रेणू एकत्र येऊन दोराचं बीज धरायला वेळ लागतो, आणि तो वेळ पेशीत हिमोग्लोबिन किती दाट आहे यावर विलक्षण अवलंबून असतो. घट्टपणा वाढला की वेळ त्याच्या सुमारे तिसाव्या घाताच्या प्रमाणात घटतो. पेशीतलं पाणी थोडं कमी होऊन दाटपणा फक्त 10 टक्क्यांनी वाढला, तर 1.1 चा तिसावा घात जवळजवळ 17 येतो. म्हणजे दोर धरायला लागणारा वेळ सतरापट कमी. केशवाहिनीतून जायला पेशीला साधारण सेकंदभर लागतो. तेवढ्यात ती पार झाली, मोठ्या शिरेतून फुप्फुसात पोचली, तर तिला काही होत नाही. अडकून राहिली तर जागेवरच वाकते.

आई-बापांपैकी एकाकडूनच बदललेलं जनुक मिळालेल्या वाहकाला (एएस) सहसा दुखणं का उठत नाही, हेही यातून कळतं. त्याच्या पेशीत एस प्रकारचं, म्हणजे हे बदललेलं हिमोग्लोबिन साधारण 40 टक्के, बाकी बहुतेक साधं. दोर धरायला इतका वेळ लागतो की तोवर पेशी घरी पोचलेली असते. पण काचपट्टीवर रक्ताच्या थेंबात सोडियम मेटाबायसल्फाइट घालून, कडा बंद करून, ऑक्सिजन काढून घेतला आणि ताटकळत ठेवलं, तर वाहकाच्या पेशीही विळे होतात. त्यांना घरी पोचायला वाटच ठेवलेली नसते! म्हणून "विळे दिसले" म्हणजे रुग्ण असं नाही. सोल्युबिलिटी चाचणीतही नळीतलं द्रावण गढूळ झालं की मागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा होतात, आणि त्या एएसला आणि दोन्हीकडून ते जनुक मिळालेल्या रुग्णाला, म्हणजे एसएसला, दोघांनाही दिसेनाशा होतात. वाहक की रुग्ण, हे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी सांगते. त्याआधी घरच्यांना काहीही सांगणं ही टेबलावरच्या माणसाची चूक. सुरुवातीच्या काळात ती माझ्याकडूनही झाली आहे.

दुसरी मोठी चूक दुखणं उठल्यावर होते. एक प्रकरण सांगतो, ओळख पटेल असं सगळं बाजूला ठेवून. पूर्व विदर्भातला सतरा वर्षांचा मुलगा, एसएस. रोवणीचे दिवस. सकाळपासून बांधीत वाकून पऱ्हे लावले, पावसात भिजला, पाणी फारसं प्यायला नाही, कारण बांधीत उतरल्यावर वर यायला कोणाला सवड असते? पहाटे तीनला मांड्या आणि कंबर धरली. त्याच्याच शब्दांत, "हाडात कोणी खिळे ठोकतंय."

त्याच्या अंगात काय झालं ते ओळीने पाहा. पाणी कमी पडलं. त्यात सिकलसेलच्या रुग्णाच्या मूत्रपिंडाला लघवी घट्ट करून पाणी राखता येत नाही, म्हणून तहानलेला असूनही लघवी भरपूर होत राहिली. पेशी दाटल्या. भिजून अंग गार पडलं, बारीक वाहिन्या आकसल्या, प्रवाह मंदावला. दिवसभराच्या कष्टाने स्नायूंत आम्ल वाढलं, आणि आम्ल वाढलं की हिमोग्लोबिन ऑक्सिजन लवकर सोडतं. एका बाजूने दोर धरायचा वेळ घटला, दुसऱ्या बाजूने वाहिनीत अडकायचा वेळ वाढला. या दोन वेळा एकमेकींना भेटल्या की क्रायसिस, म्हणजे दुखण्याचा झटका.

इथे "विळ्याचं टोक अडकून वाहिनी बुजते" एवढंच चित्र डोळ्यांसमोर ठेवणं अपुरं आहे. या रुग्णांच्या तरुण लाल पेशी वाहिनीच्या भिंतीला चिकटतात, पांढऱ्या पेशीही चिकटतात, आधी वाट अरुंद होते आणि मागून येणाऱ्या पेशी खोळंबून वाकतात. म्हणूनच साधा ताप, घशाचा संसर्गसुद्धा दुखणं उठवू शकतो, कारण जळजळ झाली की भिंती जास्त चिकट होतात. हाडातच का दुखतं? मज्जेतला प्रवाह मुळात संथ, ऑक्सिजन कमी, आणि सूज आली तरी हाडाला पसरायला जागा नाही.

घरात आधी काय झालं? गार पाण्याची पट्टी दुखऱ्या मांडीवर ठेवली. मुका मार लागल्यावर ठेवतात तशी. गारव्याने वाहिन्या आणखी आकसल्या. इथे शेक हवा, कोमट आणि सुती कापडातून. मग दोन तास "सकाळी बघू" म्हणून गेले. दवाखान्यात नेलं तेव्हा हिमोग्लोबिन 8.2 आलं. मागच्या महिन्यात, ठणठणीत असताना, 8.1 होतं. तिथे कोणीतरी बोललं, "रक्त कमी झालेलं नाही, मग एवढं कसं दुखेल? पोरगं नाटक करतंय."

ही चूक पुन्हा पुन्हा पाहिली आहे. दुखण्याच्या क्रायसिसला रक्ताची कुठलीही चाचणी नाही. हिमोग्लोबिन नेहमीइतकं असू शकतं, काचपट्टीवर विळे नेहमीइतकेच दिसू शकतात. रुग्ण सांगतो तेच निदान. रुग्णालयात आल्यापासून तासाभरात वेदनाशामक सुरू व्हावं आणि दर अर्ध्या ते एका तासाने पुन्हा विचारून मात्रा ठरवावी, हा मान्य नियम आहे. लागलं तर मॉर्फिनसारखं औषधसुद्धा. व्यसन लागेल या भीतीने ते अडवून ठेवण्यात शहाणपण नाही.

सलाइनचंही असंच. पाणी कमी पडलंय म्हणून बाटल्यांवर बाटल्या लावल्या की झालं, असं नाही. पिता येत असेल तर तोंडानेच द्यावं. शिरेतून गरजेपेक्षा जास्त गेलं तर फुप्फुसात पाणी साठतं, आणि सिकलसेलच्या रुग्णाच्या फुप्फुसाला तेच सगळ्यात महागात पडतं. ऑक्सिजनचा मास्कही बोटावरच्या यंत्रात आकडा कमी असेल तरच. ऑक्सिजन मिळाला की दोर विरघळतात हे खरं, पण जिथे पेशी अडकून प्रवाहच थांबलाय तिथे मास्कमधला ऑक्सिजन पोचणार कसा?

या मुलाच्या पिशवीत लोहाच्या गोळ्याही निघाल्या. रक्त कमी म्हणून कोणीतरी दिलेल्या, वर्षभर घेतलेल्या. त्याचं रक्त कमी होतं ते लोह नसल्यामुळे नव्हे. साधी लाल पेशी 120 दिवस जगते, त्याची 10 ते 20 दिवसांत फुटते, आणि फुटलेल्या पेशीतलं लोह शरीर परत वापरतं. वर रक्त चढवलं असेल तर लोह आणखी साठतं. तपासणीत लोहाची कमतरता सिद्ध झाली असेल तरच गोळी. त्याला रोज हवं ते फॉलिक आम्ल, आणि डॉक्टरांनी ठरवलं तर हायड्रॉक्सियुरिया. ती गोळी बाळपणीचं एफ हिमोग्लोबिन वाढवते. हे एफ दोरात बसत नाही, मध्येच आडवं येतं. तिचा परिणाम दिसायला महिने लागतात. दुखणं थांबलं म्हणून गोळी बंद करणं म्हणजे दोराला पुन्हा वाट मोकळी करून देणं.

घरी थांबून चालत नाही अशा गोष्टी वेगळ्या: 38.5 अंशांवर ताप, छातीत दुखून दम लागणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं किंवा बोलणं अडखळणं, लहान मुलाचं पोट डाव्या बाजूला अचानक फुगून ते पांढरंफटक पडणं. शेवटच्यात पांथरीत रक्त साठत असतं आणि हातात फार वेळ नसतो.

मुलगा आठवड्याने घरी गेला. जाताना आईने त्याची तीन महिन्यांची बहीण पुढे केली. आई-बाप दोघं एएस. कुणीतरी तिची सोल्युबिलिटी करून "निगेटिव्ह" लिहून दिलं होतं, शिवाय "चारातलं एक एसएस झालं, आता पुढचे तीन मोकळे" असंही घरात धरून चालले होते. चारातलं एक हे प्रमाण प्रत्येक गरोदरपणाला नव्याने लागू होतं, आधीच्या मुलाने ते वापरून संपत नाही. आणि तीन महिन्यांच्या बाळाच्या रक्तात अजून एफ इतकं असतं की नळी गढूळ होईलच असं नाही. तो कागद बाजूला ठेवून एचपीएलसीसाठी नमुना घेतला. एसएस आली. तोवर तिला एकदाही दुखलं नव्हतं, कारण तिचं एफ अजून उतरायचं होतं.