दोन पात्रं, एक खोली: शॉर्ट फिल्मची कल्पना निवडताना या चुका टाळा

पहिल्या शॉर्ट फिल्मसाठी हमखास सुचणारी कल्पना म्हणजे दोन जुने मित्र बऱ्याच वर्षांनी भेटतात आणि बोलता बोलता जुनं भांडण निघतं. खर्च नाही, खोली एक, नट दोन. तरीही फिल्म रंगत नाही, कारण महत्त्वाचं सगळं आधीच घडून गेलेलं असतं. संहितेत ‘तुला आठवतं?’, ‘त्या दिवशी तू…’ अशी वाक्यं सारखी येऊ लागली की समजावं, खरी फिल्म त्या दिवसाची आहे आणि आपण चुकीचा दिवस चित्रित करतोय.

अशा वेळी संवाद घासत बसू नका. एकाला आत्ता, याच खोलीतून हवी असलेली एखादी वस्तू शोधा.

समजा, मित्रांऐवजी बहीण-भाऊ घेतले. घर विकण्याचे कागद ताईनं महिन्यापूर्वी भावाला सहीसाठी पाठवले होते. आज ती ते न्यायला आली आहे, आणि तो म्हणतो, “सापडत नाहीत गं.” दोघं खोली धुंडाळू लागतात. आता दोघांच्या हातांना काम आहे. सही मिळाल्याशिवाय ताईला निघता येत नाही, आणि भांडण शोधाशोधीतूनच वर येतं. मग ताईला एका खणात ते कागद सापडतात. सही झालेली आहे, तारीख महिन्यापूर्वीची. कागद मिळाले की ही पुन्हा येणार नाही, म्हणून तो टाळत होता. ती कागद परत खणात ठेवते आणि म्हणते, “बघू, अजून कुठे असतील.” इथे थांबा. त्यानंतर एकानंही खुलासा केला तर सगळं वाया गेलं.

तपासायला सोपं आहे: आवाज बंद करून पाहिलं तरी कोणाला काय हवंय आणि कुठे पारडं फिरलं, ते कळलं पाहिजे.

फोनवरचा आवाज हा तिसरा नट असतो. बातमी फोनवरून येत असेल, तर ती खोलीतल्या वस्तूतून देता येते का, ते आधी पाहा. ‘ते सगळं स्वप्न होतं’ हा शेवट मात्र सरळ काढून टाका. खणात सापडलेल्या कागदांनी आधीच्या प्रसंगाला नवा अर्थ दिला. स्वप्न तो प्रसंगच पुसून टाकतं.

आणखी एक चूक कागदावर दिसत नाही, एडिटिंगला बसल्यावर कळते. संहितेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, म्हणून सात पानांची गोष्ट सलग सात मिनिटांत घडते. शूटिंगला मात्र अख्खा दिवस लागतो. तेवढ्यात खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकतं आणि एकाच संभाषणात सकाळ-दुपार आलटून पालटून दिसू लागते. त्यामुळे गोष्ट रात्रीची लिहा, जाड पडदे ओढा आणि घरातल्याच दिव्यावर शूट करा. बहीण-भावाच्या गोष्टीला तर रात्र उलट सोयीचीच: ताईला शेवटची गाडी गाठायची आहे.