शाळेतून मुलांना आणायचा बदल कळवताना या चुका टाळा

ईरा दुसरीत आहे. शाळा ३:२० ला सुटते आणि ती रोज व्हॅनने पाळणाघरात जाते. बुधवारी दातांच्या डॉक्टरांकडे चारची वेळ मिळाली आहे. आई तिला घ्यायला जाणार होती, पण ती ऑफिसात अडकली. ती नवऱ्याला लिहिते:

"अरे मीटिंग लांबतेय बहुतेक, डॉक्टर चारला आहेत, बघ ना जमतंय का"

नवरा अंगठा पाठवतो. आईला वाटतं, तो जातोय. त्याला वाटतं, मीटिंग लवकर संपली तर तीच जाईल. 'बहुतेक' आणि 'बघ ना' या शब्दांनी निर्णय झालाच नाही, आणि अंगठ्याचा अर्थ 'घेतो' की नुसतंच 'वाचलं', हे कोणालाच ठाऊक नाही. शाळेचा, गेटचा, व्हॅनचा तर उल्लेखही नाही. तोच मेसेज असा हवा:

"आज बुधवार: ईराला शाळेतून तू घे. ३:२०, मागचं गेट. तिथून डॉक्टर, ४ वाजता. २:१५ पर्यंत 'घेतो' लिही, मग मी व्हॅनकाकांना नको सांगते. उत्तर नाही आलं तर ती नेहमीसारखी व्हॅनने जाईल."

यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सर्रास होणारी चूक म्हणजे आधी व्हॅन रद्द करायची आणि मग नवऱ्याला विचारायचं. त्याचा फोन सायलेंटवर असला तर जुनी सोय मोडलेली आणि नवी झालेली नाही, अशा अवस्थेत मूल गेटवर उभं राहतं. समोरून स्पष्ट होकार येईपर्यंत जुनी व्यवस्था तशीच राहू द्या. डॉक्टरांची वेळ चुकली तर दुसरी मिळते.

२:१५ ही वेळ उलटं मोजून काढली आहे. व्हॅनकाका पावणेतीनला गाडी काढतात आणि चालवताना फोन घेत नाहीत, म्हणजे त्यांना अडीचपर्यंत कळायला हवं. मधली पंधरा मिनिटं उत्तर आलं नाही तर फोन करण्यासाठी ठेवली आहेत. फोनही उचलला नाही, तर व्हॅन ठरलेली.

व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणांना होकार समजू नका. दोन करड्या खुणा म्हणजे मेसेज त्या फोनवर पोचला. निळ्या म्हणजे चॅट उघडलं गेलं, कदाचित सिग्नलला थांबल्यावर घाईत. ज्यांनी ही सोय बंद केली आहे त्यांच्याकडून निळं कधीच दिसणार नाही, आणि वरच्या सूचनेतूनच वाचलं तरीही खुणा करड्याच राहतात. उत्तरात काम परत लिहिलेलं हवं: "घेतो, ३:२०, मागचं गेट." गेट चुकीचं समजलं असेल तर ते इथेच उघडं पडतं.

रात्री पावणेबाराला लिहिलेलं 'उद्या' सकाळी वाचलं की एक दिवस पुढे सरकतं. वार लिहा. 'नेहमीच्या वेळी' हेही टाळा, कारण परीक्षेच्या किंवा स्नेहसंमेलनाच्या दिवशी शाळा लवकर सुटते. बेत पुन्हा बदलला तर जुना मेसेज दुरुस्त करू नका. व्हॉट्सॲपवर पंधरा मिनिटांपर्यंत तो बदलता येतो, पण समोरच्याला त्याची नवी सूचना जात नाही. नवा मेसेज लिहा आणि सुरुवात 'आधीचं रद्द' अशी करा.

दुसऱ्या पालकांना विचारायचं असेल तर वर्गाच्या ग्रुपवर "कोणी ईराला घेईल का?" असं टाकू नका. प्रत्येकाला वाटतं, दुसरं कोणीतरी हो म्हणेल. एकाच व्यक्तीला लिहा आणि नाही म्हणायला जागा ठेवा:

"नमस्कार, मी ईराची आई. आज बुधवारी ३:२० ला आर्यबरोबर ईरालाही घ्याल का? मी साडेचारला तुमच्याकडून नेईन. जमणार नसेल तर निःसंकोच सांगा, व्हॅन आहेच. दोनपर्यंत कळवलंत तर बरं होईल."

त्या हो म्हणाल्या तरी अर्धंच काम झालं. बऱ्याच शाळा ओळखपत्र किंवा पिकअप कार्ड पाहिल्याशिवाय मूल सोडत नाहीत, आणि कार्ड तुमच्या पर्समध्ये असतं. म्हणून वर्गशिक्षिकेला किंवा शाळेच्या ऑफिसला तुम्ही स्वतः कळवा: मुलीचं नाव, इयत्ता-तुकडी, घेणाऱ्या बाईंचं पूर्ण नाव, त्यांचा फोन नंबर. कार्डाचा फोटो चालतो का, हे तेव्हाच विचारा. काही ठिकाणी चालतो, काही ठिकाणी लेखी अर्जच लागतो. ईराला निरोप द्यायलाही वर्गशिक्षिकेला सांगा, नाहीतर ती सवयीने व्हॅनच्या रांगेत जाऊन बसेल. पाळणाघराला कळवायचं तर हमखास राहून जातं, आणि तिथल्या ताई साडेतीनला मूल आलं नाही म्हणून घाबरून फोन करतात.

मूल हातात आल्यावर घेणाऱ्याने गेटवरूनच "घेतली, निघालो" एवढं लिहावं. ३:३५ पर्यंत ते आलं नाही तर वाट न पाहता थेट शाळेत फोन लावा.