करार उलट इंग्रजीत करून तपासताना या चुका टाळा

सोलापुरात टॉवेलचा निर्यातदार आणि यंत्रमागधारक यांच्यात मजुरीवर विणकाम करून घेण्याचा करार होतो, तेव्हा कागद बहुतेक दोन भाषांतून जातो. मूळ मसुदा मुंबई-पुण्याच्या वकिलाकडून इंग्रजीत येतो आणि इथे त्याचं मराठी होतं. सही होते ती मराठी प्रतीवर, कारण माग चालवणाऱ्याला तीच वाचता येते. वकिलाला मात्र मराठी कलम नीट उतरलंय का हे कळायला मार्ग नसतो. म्हणून मराठी कलम पुन्हा इंग्रजीत करून मूळ मसुद्याशी ताडून पाहायचं. याला उलट भाषांतर म्हणतात. पद्धत चांगली आहे, पण ती चुकीच्या तऱ्हेने केली तर सगळं जुळल्यासारखं दिसतं आणि फरक तसाच राहतो.

उदाहरणासाठी एकच कलम घेऊ, उशिराच्या कपातीचं. पुढचा आकडा आणि तारखा समजण्यापुरत्या घेतल्या आहेत. इंग्रजी मसुद्याचा आशय असा होता: संपूर्ण सूत मिळाल्यापासून १५ दिवसांत विणकर तयार टॉवेल पोहोच करील. ज्या उशिराला विणकर जबाबदार आहे, त्या उशिराच्या प्रत्येक पूर्ण आठवड्याला विणाईच्या मजुरीतून एक टक्का, जास्तीत जास्त पाच टक्के, कंपनीला कापता येईल. त्याचं मराठी झालं ते असं:

«सूत मिळाल्यापासून पंधरा दिवसांत विणकराने तयार माल कंपनीकडे पोहोच करावा. त्यास विलंब झाल्यास दर आठवड्यास एक टक्का याप्रमाणे जास्तीत जास्त पाच टक्के रक्कम बिलातून कपात करण्यात येईल.»

वाचायला अगदी रीतसर. आता याचं काय होतं ते बघा. टेरी टॉवेलला तीन प्रकारचं सूत लागतं: जमिनीच्या ताण्याचं, वर फासे येतात त्या पाईलचं आणि बाण्याचं. समजा ताण्याचं आणि बाण्याचं सूत १ तारखेला आलं, पाईलचं रंगाईत अडकून ९ तारखेला आलं, आणि माल २६ तारखेला पोहोचला. इंग्रजीप्रमाणे मुदत ९ तारखेपासून मोजायची, म्हणजे २४ पर्यंत. उशीर दोन दिवसांचा. पूर्ण आठवडा झालेला नाही, म्हणून कपात शून्य. मराठीप्रमाणे 'सूत मिळालं' ते १ तारखेलाच, मुदत १६ ला संपली. दहा दिवस उशीर, आणि हिशेब करणाऱ्याने दुसरा आठवडा सुरू झाला म्हणून दोन टक्के लावले. मजुरी २,००,००० रुपये, वाहतूक धरून बिल २,१०,००० रुपये, तर कपात ४,२०० रुपये. जीएसटी बाजूलाच ठेवला आहे. दोन्ही पक्ष आपापल्या जागी प्रामाणिक असूनही भांडण ठरलेलं.

पहिली चूक: ज्याने मराठी केलं त्याच्याकडूनच उलट इंग्रजी करून घेणं. ही सगळ्यात मोठी चूक आहे, आणि सोय म्हणून सगळ्यात जास्त केली जाते. त्याच्या डोक्यात मूळ मजकूर बसलेला असतो. 'विलंब झाल्यास' दिसलं की तो 'इफ द वीव्हर डिलेज' असं लिहून मोकळा होतो, कारण मूळ तसं होतं हे त्याला माहीत आहे. मराठीत विणकराचा उल्लेख नाही, तो आठवणीतून भरला गेला. ऑफिसातल्या अकाउंटंटनेही इंग्रजी प्रत पाहिली असेल, तर त्याचंही तेच होतं. उलट भाषांतर करणाऱ्याने इंग्रजी पाहिलेलं नसावं आणि मराठी करणाऱ्याला फोन करून 'तुम्हाला काय म्हणायचंय' असं विचारू नये. न्यायाधीशही त्याला फोन करणार नाहीत. एकदा लेखी करार झाला की 'आमचं तोंडी असं ठरलं होतं' म्हणून त्याच्या अटी फिरवायला भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ साधारणपणे वाव देत नाही. कागदावर काय उरलंय तेच वाचलं जातं.

त्या माणसाला कलम एकटं मात्र देऊ नका. व्याख्यांचं कलम सोबत हवं, नाहीतर 'माल' म्हणजे काय, 'कंपनी' कोण, अशा शंका उगाच निघतात आणि खऱ्या फरकाकडे दुर्लक्ष होतं.

दुसरी चूक: छान इंग्रजीची अपेक्षा ठेवणं. उलट भाषांतर वकिली थाटाचं गुळगुळीत आलं, तर खुश होऊ नका, संशय घ्या. ते ओबडधोबडच असायला हवं. आपल्या मराठीत कर्ता गाळून बोलण्याची सवय आहे, आणि सरकारी वळणाच्या मराठीत तर 'करण्यात येईल' म्हटलं की कोण करणार हा प्रश्नच मिटतो. सफाईदार इंग्रजी लिहिणाऱ्याला वाक्य पुरं करायला कर्ता लागतो, आणि तो स्वतःच्या मनाने घालतो. म्हणून आधीच सांगून ठेवा: मराठीत कर्ता नसेल तिथे मोकळी रेघ सोडा. एका शब्दाचे दोन अर्थ होत असतील तर दोन्ही लिहा. समजलं नाही तर समजलं नाही असं लिहा. या सूचना पाळून आलेलं भाषांतर साधारण असं होतं: पंधरा दिवसांत (कुठल्या सुताच्या, कळत नाही) माल पोहोचवावा, त्याला उशीर झाला तर (कोणामुळे, लिहिलेलं नाही) दर आठवड्याला (अपुरा आठवडा धरायचा की नाही, स्पष्ट नाही) बिलातून कापलं जाईल (कापणारा: रेघ). कंसातल्या या चार नोंदींतच सगळं काम झालं.

आणखी एक, फक्त सोलापूरपुरतं. इथे अनेकांच्या घरात तेलुगू किंवा कन्नड बोलतात आणि बाजारात मराठी. असा माणूस उलट भाषांतराला चांगला, कारण तो कागदी मराठी सवयीने गृहीत धरत नाही. मात्र माग चालवणाऱ्याच्या धंद्यातले शब्द त्याला माहीत असले पाहिजेत, नाहीतर पाईल आणि ताणा एकच समजून बसेल.

तिसरी चूक: शब्दाला शब्द लावून बघणं. दोन इंग्रजी कागद शेजारी ठेवले की शब्द वेगळे दिसणारच, त्यात वेळ घालवू नका. त्याऐवजी दोन्ही कागदांना तेच प्रश्न विचारा: कोणी करायचं, कधीपासून मोजायचं, कोणाच्या कारणाने, किती आणि कशावर, आणि करायलाच हवं की करता येईल. वरच्या कलमात या प्रश्नांची उत्तरं पाच ठिकाणी वेगळी येतात. 'संपूर्ण' गेलं. जबाबदारीची अट गेली. 'पूर्ण आठवडा' गेला. मजुरीचं बिल झालं. आणि कंपनीला दिलेली सवलत, 'कापता येईल', ती 'कपात करण्यात येईल' झाल्यावर सक्तीसारखी दिसू लागली.

उलट, प्रत्येक फरक दोष नसतो. 'पोहोच करावा' याचं उलट भाषांतर 'शुड डिलिव्हर' असं येऊ शकतं आणि वकील घाबरतो, कारण इंग्रजी करारात ते सौम्य वाटतं. मराठी दस्तात 'करावा', 'द्यावे' ही बंधनकारक रूपंच आहेत. मूळ मराठीत दोष नसेल तर ते बदलू नका. फरक दिसला की आधी ठरवा: तो मराठीत आहे की परत येताना शिरला? मराठी वाचणाऱ्या तिसऱ्या माणसाला फक्त तो एक प्रश्न विचारा.

चौथी चूक: जुळलं म्हणजे बरोबर, असं धरणं. हीच या पद्धतीची मर्यादा. मूळात 'एका आठवड्यात दोष कळवावा' असेल आणि मराठीत 'आठ दिवसांत' लिहिलं असेल, तर मराठी माणूस उलट करताना सहज 'विदिन अ वीक' लिहील. आपण बोलतोच तसं. इंग्रजी अगदी जुळलं. पण मराठी कागदावर आकडा आठ आहे, आणि सातव्या दिवसानंतर पत्र गेलं की दोघांपैकी एकजण तो आकडा दाखवणार. म्हणून दिवस, टक्के, रकमा आणि वजनं उलट भाषांतरावर सोडू नका. मूळ इंग्रजी आणि मराठी थेट शेजारी ठेवून प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून तपासा.

कायद्याच्या बाजूनेही एक गैरसमज असतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात रक्कम लिहिलेली असली, तरी न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाईच देतं, म्हणून 'कलमात काय लिहिलंय याला फार महत्त्व नाही' असं काहीजण म्हणतात. पण कपात आधी बिलातून होते, न्यायालय नंतर. ४,२०० रुपयांसाठी कोणी दावा लावत नाही.

पाचवी चूक: दुरुस्ती करून पुन्हा न तपासणं. वरच्या कलमाची पहिली दुरुस्ती 'विणकराच्या चुकीमुळे विलंब झाल्यास' अशी सुचते. तिचं उलट भाषांतर करून पाहिलं की 'मिस्टेक' किंवा 'फॉल्ट' येतं, आणि ते मूळापेक्षा अरुंद आहे. विणकराचे कामगार आले नाहीत तर ती त्याची चूक नाही, पण जबाबदारी त्याचीच. म्हणजे आता कलम दुसऱ्या बाजूला झुकलं. नीट झालेलं रूप असं:

«कंपनीने द्यावयाचे संपूर्ण सूत (जमिनीचा ताणा, पाईल व बाणा) विणकराला मिळाल्यापासून १५ दिवसांत विणकराने तयार माल कंपनीच्या गोदामात पोहोच करावा. ज्या उशिराला विणकर जबाबदार आहे, त्या उशिराच्या प्रत्येक पूर्ण सात दिवसांसाठी विणाईच्या मजुरीच्या एक टक्का, एकूण पाच टक्क्यांहून अधिक नाही, इतकी रक्कम कंपनी त्या मालाच्या मजुरीतून कापू शकेल.»

इथेही तपासणीत एक नवी गोष्ट निघते. 'गोदामात' मूळ इंग्रजीत नव्हतं. मराठी करणाऱ्याने सोयीने घातलं. ते हवं असेल तर इंग्रजी मसुदाही तसा करून घ्या, नाहीतर काढा. दोन्ही भाषांत प्रती असतील तर मतभेदाच्या वेळी कोणती ग्राह्य, हेही कलम दोन्हीकडे एकच सांगतंय ना ते बघा. एका प्रतीत मराठी आणि दुसऱ्यात इंग्रजी ग्राह्य, असे करार निघतात.

शेवटची तपासणी स्टॅम्प पेपरवर छापलेल्या प्रतीचीच करा, संगणकातल्या फाइलची नाही. टंकलेखनाच्या दुकानात ओळ बसवायला 'पूर्ण' किंवा 'संपूर्ण' गळतो आणि अक्षरी-अंकी आकडे वेगळे पडतात. छापील पानावर ही दोन वाक्यं मोठ्याने वाचा, दुसऱ्याच्या हातात तपासलेली प्रत द्या, आणि मगच सही.