व्हेपर प्रेशरचं गणित चुकतंय? आधी उत्तराचा आकडा नीट बघा (या चुका टाळा)

क्लॉशियस-क्लॅपेरॉनचं इंटिग्रेटेड समीकरण दिसायला एका ओळीचं आहे, पण त्यात घोळ घालायच्या जागा बऱ्याच. बरं एक आहे की प्रत्येक चुकीचं उत्तर वेगळं येतं, त्यामुळे आकडा बघूनच कुठे गडबड झाली ते बऱ्याचदा कळतं. म्हणून एकच गणित घेऊ आणि तेच वेगवेगळ्या प्रकारे चुकवून बघू.

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं, तिथे प्रेशर १०१.३ किलोपास्कल आणि एन्थाल्पी ऑफ व्हेपरायझेशन ४०.६५ किलोज्यूल प्रति मोल. यावरून २५ अंशांचं व्हेपर प्रेशर काढायचंय. खरं, म्हणजे मोजलेलं उत्तर ३.१७ किलोपास्कल आहे, ते लक्षात ठेवा.

```
ln(P2/P1) = -(ΔH/R) × (1/T2 - 1/T1)
```

T1 = ३७३.१५, T2 = २९८.१५ केल्विन. कंसातला फरक ०.०००६७४१ येतो, ΔH/R म्हणजे ४०६५० भागिले ८.३१४ = ४८८९, गुणाकार ३.२९६, मायनस चिन्ह लावून e चा घात घेतला की ०.०३७०, आणि गुणिले १०१.३ केलं की ३.७५ किलोपास्कल. गणित म्हणून हे बरोबर आहे, तरी खऱ्या आकड्यापेक्षा १८ टक्के जास्त का आलं ते पुढे बघू, आधी सरळसरळ चुका उरकून घेऊ.

उत्तर १०१ किलोपास्कल आलं, म्हणजे ७५ अंश खाली येऊनही प्रेशर जवळपास हललंच नाही, तर समजा ४०.६५ किलोज्यूल तसेच टाकलेत आणि R मात्र ज्यूलमध्ये घेतलाय. हजारचा फरक पडला की घात जवळजवळ शून्य होतो, मग P2 आणि P1 सारखेच दिसणार.

उलट कॅल्क्युलेटरने शून्य किंवा दहाच्या मायनस साठाव्या घातासारखं काहीतरी दाखवलं तर तापमान सेल्सिअसमध्येच राहिलंय. १/२५ वजा १/१०० म्हणजे ०.०३, खऱ्या फरकाच्या चाळीसपट वगैरे, आणि तो e च्या डोक्यावर जाऊन बसतो. प्रेशर ॲटमॉस्फिअरमध्ये दिलंय म्हणून R = ०.०८२१ घेतला तरी असाच शून्याचा तमाशा होतो. इथे R चा प्रेशरच्या युनिटशी काहीच संबंध नाही हो, तो फक्त एन्थाल्पीच्या युनिटशी जुळायला हवा. P2/P1 हा रेशो आहे, दोन्ही एकाच युनिटमध्ये असले की झालं, फक्त गेज प्रेशर नको, ॲब्सोल्यूट हवं.

२७०० च्या घरात उत्तर आलं तर चिन्ह उलटं पडलंय, हे कोणालाही दिसतं, थंड केल्यावर प्रेशर वाढेलच कसं. ०.०५ आलं तर ln च्या जागी log धरून १० चा घात घेतलाय.

यातली सगळ्यात फसवी चूक ८४ किलोपास्कलची. टेबलमध्ये लेटंट हीट २२५७ ज्यूल प्रति ग्रॅम दिसते, माणूस ज्यूल बघून खूश होतो आणि तशीच टाकतो. उत्तर १०१ पेक्षा कमी आहे, चिन्हही बरोबर, पहिल्या नजरेत काही खटकत नाही. पण R मोलचा आहे, म्हणून आधी १८.०२ ने गुणायचं, की ४०.७ किलोज्यूल प्रति मोल मिळतात. पटकन तपासायचं असेल तर एक अंदाज डोक्यात ठेवा: खोलीच्या तापमानाजवळ पाण्याचं व्हेपर प्रेशर साधारण ११-१२ अंशांना दुप्पट होतं. मग ७५ अंश खाली येऊन फक्त १०१ चं ८४ होणं शक्यच नाही.

राउंडिंगचं प्रकरण तर गंमतशीर आहे. कुणी १/T चे आकडे ०.००३४ आणि ०.००२७ असे आटोपले तर फरक ०.०००७ येतो आणि उत्तर ३.३१, म्हणजे नीट केलेल्या ३.७५ पेक्षा खऱ्याच्या जवळ! याला अचूकपणा म्हणू नका, दोन चुका एकमेकींना कापतायत एवढंच, दुसऱ्या लिक्विडला हीच सवय तोंडावर पाडेल. दोन जवळजवळ सारख्या लहान संख्यांची वजाबाकी करताना मधे राउंड करायचंच नाही, किंवा सरळ असं लिहा:

```
1/T2 - 1/T1 = (T1 - T2)/(T1 × T2)
```

आता मूळ मुद्दा, ३.७५ का आलं. इंटिग्रेट करताना आपण ΔH तापमानाने बदलत नाही असं धरलं, पण तो बदलतो. पाण्यासाठी १०० अंशांना ४०.६५ आणि २५ अंशांना ४४.० किलोज्यूल प्रति मोल, कारण लिक्विडची हीट कपॅसिटी वाफेपेक्षा जास्त असते, तापवत गेलं की दोघांच्या एन्थाल्पीतलं अंतर कमी होत जातं आणि क्रिटिकल पॉइंटला, म्हणजे पाण्यासाठी ३७४ अंशांना, ते शून्यच होतं. बहुतेक टेबलांमध्ये छापलेला ΔH हा बॉइलिंग पॉइंटचा असतो, आपण मात्र तोच आकडा पूर्ण ७५ अंशांच्या प्रवासाला वापरला.

मग वाटतं की २५ ला उत्तर हवंय तर २५ चाच ΔH घेऊ. तसं केलं की उत्तर २.८६ येतं, आता १० टक्के कमी. कारण समीकरणाला ना या टोकाचा आकडा हवाय ना त्या टोकाचा, त्याला मधल्या वाटेचा सरासरी हवाय. दोन्हींची सरासरी ४२.३ घेतली तर ३.२८ येतं, चूक साडेतीन टक्क्यांवर. एका ओळीच्या समीकरणाकडून एवढ्या लांब पल्ल्यावर याहून जास्त मागू नये असं माझं मत.

ΔH चा एकच आकडा हाताशी असेल तर पल्ला कमी करा. तोच ४०.६५ घेऊन १०० वरून फक्त ९० ला आलात तर ७०.६ येतं, खरं ७०.२, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आसपास. आणि ३५ अंशांचं हवं असेल तर १०० पासून कशाला निघायचं, २५ चे ३.१७ आणि ४४.० घेऊन निघा, उत्तर ५.६४ येतं, खरं ५.६३. याच दहा अंशांना बॉइलिंग पॉइंटचा ४०.६५ लावला तर ५.४० येतं, चार टक्के कमी, आणि ही चूक उत्तराकडे बघून कधीच कळणार नाही कारण आकडा अगदी शहाण्यासारखा दिसतो. म्हणून ΔH लिहिताना तो कोणत्या तापमानाचा आहे ते शेजारीच लिहून ठेवा. दोन तापमानांची मोजलेली प्रेशर्स मिळत असतील तर अजून छान, आधी त्यावरून ΔH काढा आणि मधलं तापमान त्याने काढा, सरासरीचं काम आपोआप होतं.

राहिला बर्फ. शून्याखाली पाणी गोठलेलं असेल तर लिक्विडचा ΔH चालत नाही, सब्लिमेशनचा घ्यावा लागतो, साधारण ५१ किलोज्यूल प्रति मोल, आणि सुरुवातीचा पॉइंट १०० अंशांचा न घेता ट्रिपल पॉइंटचा घ्यायचा, ०.०१ अंश आणि ०.६११ किलोपास्कल, कारण बर्फाची रेषा तिथूनच सुरू होते.